आई, परत घसा धरलाय

“आई, फोन करत नाही, आवाज पार बसलाय. परत घसा धरलाय. ताप नाही, सर्दी नाही, खोकलाही फारसा नाही. सकाळी उठलं की घशात पॉलिश पेपर फिरवल्यासारखं वाटतं, थुंकी गिळताना टोचतं. चहा घेऊन, बस पकडून डिपार्टमेंटला पोचेपर्यंत बरं होतं आणि दुपारी तर विसरूनही जातो. रात्री झोपलो की सकाळी परत तेच. नाक शिंकरताना कधीकधी रक्ताचा ठिपका दिसतो, पण घाबरू नकोस. बाहेर उणे १२ आहे, घरात मात्र मस्त ऊब असते, मी टीशर्टवर असतो. तू बॅगेत दिलेल्या अ‍ॅझीच्या तीन गोळ्या तशाच आहेत. घेऊ का?”

मिनियापोलिसहून चिपळूणला आलेला हा मेसेज. आईचं उत्तर दोन मिनिटांत गेलं: बर्फाचं पाणी बंद कर, मफलर बांध, मीठ-पाण्याच्या गुळण्या कर, हळद-दूध घे, आणि गोळ्या सुरू करून टाक, उगाच वाढायला नको. नंतर त्या माउलीने दोन्ही मेसेज मला पाठवले, कारण तिला एकच प्रश्न पडला होता. इथे पावसात भिजला तरी ज्याला काही होत नसे, त्याचा घसा तिकडे दर पंधरवड्याला का धरावा?

मुलाचा मेसेज नीट वाचला तर निम्मं निदान त्यातच आहे. जंतूंमुळे सुजलेला घसा दुपारी सुट्टी घेत नाही. विषाणूचा असो की जिवाणूचा, संसर्ग झाला की दुखणं दिवसभर राहतं, पहिले दोन-तीन दिवस वाढतं, सोबत सर्दी, अंगदुखी, ताप यांपैकी काहीतरी येतं आणि आठवड्याभरात ते जातं. इथे दुखणं सकाळी सर्वात जास्त आहे, काही गरम प्यायलं की तासाभरात उतरतंय आणि झोपेनंतर परत येतंय. म्हणजे बिघडतंय ते रात्री, खोलीत. नाकातला रक्ताचा ठिपका त्याच बाजूने साक्ष देतो. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात, बोटाला लागेल इतक्या जवळ, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वरची नाजूक त्वचा सुकून तडकली की तिथून रक्त येतं. आणि “मी टीशर्टवर असतो” हे वाक्य, जे आईला धीर यावा म्हणून लिहिलंय, ते सगळ्यात महत्त्वाचं.

थंड हवेत पाण्याची वाफ मावत नाही. उणे १२ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत फार तर दोन ग्रॅम वाफ राहू शकते आणि प्रत्यक्षात दीडच्या आसपास असते. त्या दिवशी हवामानाच्या अ‍ॅपवर आर्द्रता ७५ टक्के दिसत असेल, म्हणून पोरं म्हणतात की हवा कोरडी कुठे आहे? पण ते ७५ टक्के त्या चिमूटभर दोन ग्रॅमचे आहेत. हीच हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून घरात येते आणि भट्टी तिला २४ अंशांपर्यंत तापवते. तापवताना पाणी कुणी घालत नाही. २४ अंशांच्या हवेत २२ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, आणि आत आहे दीड ग्रॅम. हिशेब केला तर आर्द्रता सात टक्के निघते. घरात माणसं श्वास सोडतात, भात शिजतो, आंघोळी होतात, त्यामुळे ती थोडी चढून १५ ते २० टक्क्यांवर येते. चिपळुणात जानेवारीच्या दिवसांतही घनमीटरमागे १५ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. मुलगा आयुष्यभर ज्या हवेत झोपला, तिच्यात आताच्या चौपट पाणी होतं.

आता नाकाचं काम पाहू. फुप्फुसांना हवा लागते ती ३७ अंशांची आणि पूर्ण ओली, म्हणजे घनमीटरमागे ४४ ग्रॅम वाफ असलेली. बाहेरची हवा कशीही असो, तिला तिथवर आणणं हे नाकाचं आणि त्यापुढच्या श्वासमार्गाचं काम, आणि त्यातलं बरंचसं नाकच उरकतं. झोपेत माणूस मिनिटाला सहा लिटरच्या आसपास हवा आत घेतो. आठ तासांत ती जवळपास तीन घनमीटर होते. चिपळूणच्या हवेला ओलं करायला रात्रभरात ८०-८५ ग्रॅम पाणी लागेल, मिनियापोलिसच्या त्या खोलीत ११५ ग्रॅमच्या पुढे. फरक एवढासा वाटतो, आणि निरोगी नाक तो सहज पेलतंही. शिवाय श्वास सोडताना ओली हवा नाकाच्या थंड झालेल्या पृष्ठभागावरून जाते आणि त्यातलं पाव ते एक तृतीयांश पाणी नाक परत राखून ठेवतं. निसर्गाने काटकसर केली आहे ती अशी.

अडचण येते ती नाक चोंदल्यावर. कोरड्या हवेने नाकातला शेंबूड घट्ट होतो, त्याच्या खपल्या धरतात, आतली त्वचा चिडून फुगते आणि आडवं झालं की एक नाकपुडी बंद, थोड्या वेळाने दुसरीही. मग झोपेत तोंड उघडतं. तोंडाला ना ती रुंद ओलसर पृष्ठभूमी, ना पाणी परत राखायची सोय. भर म्हणजे झोपेत लाळही कमी सुटते. नाकाने जो भार उचलायचा तो थेट टाळूच्या मागच्या भिंतीवर येऊन पडतो. तिथला चिकट थर सुकतो, त्याखालची त्वचा उघडी पडते आणि सकाळी पहिल्यांदा थुंकी गिळली की टोचतं. पाणी आत गेलं, लाळ सुरू झाली, तोंड मिटलं, की थर पुन्हा तयार होतो. दुपारी दुखणं विसरायला होतं ते यामुळे.

म्हणजे संसर्गाचा यात काही हात नाही का? तसंही म्हणता येणार नाही. श्वासमार्गावरचा तो चिकट थर सूक्ष्म केसांच्या लाटांनी सतत सरकत असतो आणि आत शिरलेले जंतू बाहेर नेत असतो. थर घट्ट झाला की ही हालचाल मंदावते. फ्लूचा विषाणूही कोरड्या हवेत जास्त तग धरतो. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात हे दिसलं होतं. आर्द्रता २० टक्के ठेवली तेव्हा फ्लू एका पिंजऱ्यातून शेजारच्या पिंजऱ्यात सहज गेला, ८० टक्क्यांना मात्र अडला. म्हणून कोरड्या घशाच्या मुलाला हिवाळ्यात खराखुरा संसर्गही होऊ शकतो, आणि तो झाला की दुखण्याची चाल बदलते. ती चाल ओळखता आली म्हणजे झालं.

गोळ्यांचा प्रश्न इथे येतो. परदेशी जाणाऱ्या पोराच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप ठेवणं हा आता आपल्याकडचा रिवाजच झालाय. त्यामागे अज्ञान आहे असं मात्र मी म्हणणार नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूने घसा आला आणि उपचार राहिला, तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. आपल्या देशात हा आजार अजूनही आहे, त्यामुळे आपले डॉक्टर घशाला अँटिबायोटिक द्यायला चटकन तयार होतात आणि आयांच्या मनात ते बसलेलं असतं. पण मोठ्या माणसांच्या दुखऱ्या घशांत स्ट्रेप निघतो दहातल्या एकाच्या आसपास. बाकी बहुतेक विषाणूंचे, आणि काही या मुलासारखे नुसते सुकलेले. सुकलेल्या घशाला अँटिबायोटिक काय करणार? पोट बिघडेल, आणि हे औषध शरीरात बरेच दिवस रेंगाळत असल्यामुळे अंगावरच्या निरुपद्रवी जिवाणूंना त्याची सवय होईल. खुद्द स्ट्रेप असेल तरीही पहिलं औषध पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, तेही सहसा दहा दिवस. तीन गोळ्यांची उरलेली स्ट्रिप हा त्याचा पर्याय नाही.

स्ट्रेप आहे का हे ठरवायला डॉक्टर चार गोष्टी बघतात. ३८ अंशांच्या वर, म्हणजे साधारण १००.४ फॅरनहाइटच्या पुढे ताप, टॉन्सिलवर सूज किंवा पांढरे ठिपके, जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी, आणि खोकला नसणं. शेवटची खूण लोकांना उलटी वाटते, पण खोकला-सर्दी सोबत असली तर तो बहुधा विषाणूच असतो. यांतल्या निदान दोन-तीन असतील तर घशात कापसाची काडी फिरवून झटपट चाचणी करतात, काही मिनिटांत निकाल मिळतो. आपल्या मुलाकडे चारांपैकी फक्त “खोकला फारसा नाही” एवढंच आहे. विद्यापीठाच्या दवाखान्यात जाऊन त्याने चाचणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली, आणि तिथल्या नर्सने सोडताना विचारलं, “तू झोपतोस कुठे?”

हा प्रश्न मला फार आवडला. मुलगा तीन मित्रांबरोबर जुन्या लाकडी घरात भाड्याने राहतो. पलंग घ्यायचा खर्च नको म्हणून गादी जमिनीवर आणि उबेसाठी ती सरकवलेली नेमकी जमिनीतल्या जाळीशेजारी. तळघरातल्या गॅसच्या भट्टीत तापलेली हवा पंख्याने पत्र्याच्या नळ्यांतून ढकलली जाते आणि अशा जाळ्यांतून खोल्यांत येते. जाळीतून निघताना ती ४५ अंशांच्या पुढे असते आणि त्या क्षणी तिची आर्द्रता पाच-सहा टक्के. भट्टी थांबत-चालू होत रात्रभर हा झोत त्याच्या उशीवर येत होता. हॉलमधल्या थर्मोस्टॅटवर आकडा होता ७६ फॅरनहाइट, म्हणजे साडेचोवीस सेल्सिअसच्या आसपास. चौघेही महाराष्ट्रातले, आणि थंडीला घाबरलेले.

उपाय करताना पहिली खरेदी औषधाची नको, हायग्रोमीटरची करावी. हातात मावेल एवढा, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा हा डबा दहा-पंधरा डॉलरला मिळतो. तो खिडकीत किंवा जाळीपाशी न ठेवता उशीच्या उंचीला ठेवायचा आणि झोपताना व उठताना आकडा बघायचा. या खोलीत तो १८ टक्के निघाला. गाठायचंय ते ३० ते ४० टक्के, त्याहून जास्तीची हाव नको. का ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट फुकटातली. गादी जाळीपासून लांब न्यायची, आणि जाळीवर झोत भिंतीकडे वळवणारं प्लॅस्टिकचं झाकण लावायचं. जाळी बंद मात्र करू नये, भट्टीच्या पंख्यावर ताण येतो. तिसरी गोष्ट फुकट तर आहेच, वर बिल कमी करणारी आहे: थर्मोस्टॅट ७६ वरून ६८ वर, म्हणजे २० अंश सेल्सिअसवर आणायचा. हवेतलं पाणी तेवढंच राहिलं तरी थंड हवेत मावणारी वाफ कमी असल्यामुळे १८ टक्क्यांचे २३ होतात. यासाठी स्वेटर घालून बसावं लागतं आणि चौघांत भांडण होतं. झालंही. रात्री ६८, संध्याकाळी ७० असा तह झाला.

उरलेलं अंतर पाण्यानेच भरायचं. किती पाणी? तीन बाय चार मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली म्हणजे ३० घनमीटर हवा. ती २० अंशांना ३५ टक्क्यांवर ठेवायची तर घनमीटरमागे सहा ग्रॅम वाफ हवी. जुन्या घरात फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलते असं धरू. म्हणजे दर तासाला दीड ग्रॅमची ३० घनमीटर हवा आत येणार आणि प्रत्येक घनमीटरला साडेचार ग्रॅम पाणी लागणार, म्हणजे तासाला १३५ ग्रॅम. झोपलेला माणूस स्वतः तासाला ४० ग्रॅमच्या आसपास सोडतो. आठ तासांत पाऊण लिटरची तूट राहते. आई सांगते तसं पाण्याचं पातेलं ठेवलं तर? रुंद पातेल्यातून रात्रीत अर्धा-पाऊण कप पाणी उडतं. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण पुरणारं नाही. याउलट धुतलेला ओला टॉवेल आणि दोन-तीन कपडे खोलीत वाळत घातले तर सकाळपर्यंत खडखडीत वाळतात आणि अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. अमेरिकेत कपडे वाळवायचं मशीन हेच पाणी नळीने घराबाहेर फेकून देतं. आपल्याकडची दांडी इथे दुप्पट कामाची आहे.

ह्युमिडिफायर घ्यायचाच तर त्यात वातीतून पंख्याने हवा खेचणारा प्रकार मला जास्त भरवशाचा वाटतो. दिसायला आकर्षक असतो तो कंपनाने धुकं सोडणारा. पण नळाच्या पाण्यातले क्षारही तो धुक्याबरोबर उडवतो, लॅपटॉपवर पांढरी भुकटी बसते आणि तीच श्वासातही जाते. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालावं लागतं. कुठलाही घ्या, रोज पाणी बदलणं आणि आठवड्याला टाकी घासणं चुकवून चालत नाही. टाकीच्या तळाला हात लावून बघा, बुळबुळीत लागलं तर तो हवेत पाण्याबरोबर जंतूही सोडतोय.

आणि जास्तीची हाव का नको? कारण बाहेर उणे १२ असताना काच थंड असते. खोलीतली वाफ तिच्यावर जमते, पाणी चौकटीत उतरतं आणि काही आठवड्यांत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग घसा बुरशीने खवखवायला लागतो आणि घरमालक अनामत कापतो. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या वर राहिली तर अंथरुणात धुळीतले सूक्ष्म किडेही वाढतात, ज्यांची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. म्हणून काचेकडे लक्ष ठेवायचं. कडेला जरासं बाष्प चालेल, ओघळ आले तर ह्युमिडिफायर कमी करायचा. कडाक्याच्या थंडीत, उणे २० च्या खाली, २५-३० टक्क्यांवरच थांबावं लागतं. त्या दिवसांत भर नाकावर द्यायचा.

नाकासाठी झोपण्यापूर्वी साध्या सलाइनचा फवारा पुरेसा असतो, आणि पडद्याच्या पुढच्या भागाला सलाइन जेलचा हलका हात. जलनेती करणाऱ्याने पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच वापरावं, नळाचं थेट कधीच नाही. दुकानात शेजारीच नाक लगेच मोकळं करणारे औषधी फवारे असतात. तीन दिवसांच्या पुढे ते वापरले की नाक औषधावाचून उघडेनासं होतं आणि तोंडाने श्वास आणखी वाढतो. रात्री झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही तोंड सुकवतात. या मुलाने दोन्ही घेतलं होतं, असं मागाहून कळलं. नाकातून रक्त आलंच तर मान मागे टाकायची नाही, डोक्यावर पाणी थापायचं नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचा.

आईच्या यादीतलं काय राहिलं? गुळण्या जरूर कराव्यात, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. तेवढ्यापुरता आराम पडतो, कारण मात्र हटत नाही. हळद-दूध, मध, चहा यांचंही तेच. मफलर रस्त्यावर नाकावरून घेतला तर उत्तम, कारण सोडलेल्या श्वासातली ओल त्यात अडकते. घरात तो मानेला बांधून उपयोग नाही. बर्फाच्या पाण्याने हा घसा धरलेला नाही, ते प्यायलं तरी चालेल. भरपूर पाणी पिणं चांगलं, पण दिवसा प्यायलेलं पाणी रात्री उघड्या तोंडाला वाचवत नाही.

थांबून न राहता दवाखाना गाठायचा कधी, तेही आईने त्याला लिहून पाठवावं. १०१ च्या वर ताप, थुंकीही गिळवत नाही, तोंड नीट उघडत नाही, दुखणं एकाच बाजूला आणि तीव्र, मान सुजलीय किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर त्याच दिवशी. आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आणि हायग्रोमीटर ३५ दाखवतोय, गादी जाळीपासून लांब आहे, नाक मोकळं आहे, तरीही दोन आठवडे सकाळी घसा दुखतोच आहे, असं झालं तर खोलीला दोष देणं बंद करायचं. मग विचारायचं की लॅबमधून रात्री अकराला येऊन जेवून लगेच आडवा होतोस का, कारण तेव्हा पोटातलं आम्ल वर चढून घशाशी येतं आणि तेही सकाळीच जाळतं. खोलीतल्या मित्राला विचारायचं की हा घोरतो का. आणि नाकाचं हाड वाकडं आहे का, हे सुट्टीत चिपळूणला आला की एकदा तपासून घ्यायचं.